भाडेकरू नोंदणी व पोलीस पडताळणीसाठी कागदपत्रांबाबत

मांडवी, रत्नागिरी
दि. 19 मे 2025

श्री. अमोल शिंदे यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घराचा वरचा मजला आपल्याला आणि सौ. रेखाताईंना पसंत पडला, याचा आम्हां उभयतांना आनंद आहे. ठरल्याप्रमाणे रविवार, दि. 1 जून रोजी किल्ली आपल्या हाती देईन. त्यापूर्वी करारनाम्याची नोंदणी आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे, ही दोन कामे पूर्ण व्हायला हवीत आणि त्यांसाठी मला आपल्याकडून काही कागदपत्रे लागतील. मिरजोळ्याच्या आपल्या कंपनीचे पत्र दिलेले असताना पुन्हा पोलिसांकडे नोंद कशासाठी, असे आपण परवा फोनवर विचारलेत. प्रश्न रास्त आहे. नव्या गावात पाऊल ठेवताच पोलीस ठाण्याचे नाव ऐकले, की कोणालाही थोडे अवघडल्यासारखे होते, म्हणून त्यामागचे कारण सविस्तर लिहितो.

ही नोंद आपल्याविषयीच्या शंकेपोटी नाही, हे आधी सांगतो. वरचा मजला आजवर ज्यांना दिला, त्या सर्वांची माहिती मी याच रीतीने दिली आहे; आपल्या आधीचे बिऱ्हाड तर माझ्या पत्नीच्या माहेरच्या ओळखीचे होते, तरीही त्यांची नोंद केलीच. घरात नवे भाडेकरू आले, की त्यांची माहिती पोलिसांना कळवावी, असे मनाई आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 अन्वये वेळोवेळी काढले जातात आणि असा आदेश मोडणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 प्रमाणे गुन्हा दाखल होऊ शकतो. माहिती कळवण्याची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे माझी. म्हणून ‘पुढे बघू’ असे म्हणणे मला जमण्यासारखे नाही.

आपण परभणीकडून येत आहात, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांत याबाबत थोडी अधिक दक्षता का असते, हेही सांगायला हवे. 1993 साली मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके आमच्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली होती आणि नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला करणारेही समुद्रमार्गेच आले होते. तेव्हापासून ‘गावात नवे कोण राहायला आले’ हा प्रश्न या पट्ट्यात पोलिसांना विचारावाच लागतो. मिरकरवाड्याच्या जेटीवरून मासेमारीला निघणाऱ्या खलाशालाही ओळखपत्र जवळ ठेवावे लागते. त्याला कोणी त्याचा अपमान मानत नाही. शिवाय कोकणात पुष्कळ घरे मालक मुंबईला असल्यामुळे वर्षाचे बरेच महिने बंद असतात किंवा दुसऱ्याच्या भरवशावर भाड्याने दिलेली असतात, त्यामुळे कोणत्या घरात नेमके कोण राहते, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नसते. आमच्या घरी आम्ही खालीच राहतो, एवढाच काय तो फरक.

या नोंदीचा उपयोग आपल्यालाही आहे. उद्या आपली दुचाकी चोरीला गेली, पासपोर्टसाठी घरी चौकशी आली किंवा आपण रात्रपाळीला असताना घरी काही अडचण उद्भवली, तर या पत्त्यावर आपण रीतसर राहता, हे पोलिसांच्या दप्तरात आधीच असेल.

आता कागदपत्रांविषयी. आपले व रेखाताईंचे आधार कार्ड, आपले पॅन कार्ड, दोघांचे प्रत्येकी दोन पासपोर्ट आकाराचे फोटो, कंपनीच्या ओळखपत्राची प्रत आणि परभणीच्या कायमच्या पत्त्याचा कोणताही एक पुरावा इतके पुरेल. आधारवर तोच पत्ता असेल, तर वेगळा पुरावा नको. आपले धाकटे बंधू चि. रोहन महाविद्यालयात प्रवेश मिळाल्यास जुलैपासून आपल्याबरोबर राहतील, असे आपण म्हणाला होता. त्यांचे आधार कार्ड व फोटोही आत्ताच द्यावेत, म्हणजे नोंद एकदाच होईल. फॉर्ममध्ये आपल्याला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावे, पत्ते व फोन क्रमांक मागतात. त्यांपैकी एक कंपनीतले आणि एक गावाकडचे असावेत, असे मी सुचवीन. त्यांना आधी कळवून ठेवा, कारण ठाण्यातून अचानक फोन गेला, तर भली माणसेही गडबडतात.

प्रतींबाबत एक आग्रहाची विनंती. आधारची प्रत शक्यतो फक्त शेवटचे चार अंक दिसतील अशी काढावी. ती आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. प्रत्येक प्रतीवर ‘फक्त भाडेकरू नोंदणीसाठी’ असे लिहून तारखेसह आडवी सही करावी. फॉर्म भरताना पूर्ण क्रमांक लागलाच, तर तो आपण स्वतः माझ्यासमोर भरावा. मी तो कुठे लिहून ठेवणार नाही. झेरॉक्सच्या दुकानातून कागद व्हॉट्सॲपवर पाठवण्यापेक्षा ते प्रत्यक्ष आणून दिलेत, तर मला अधिक बरे वाटेल. माझ्याकडचा संच कपाटात कुलपात राहील आणि आपण घर सोडाल त्या दिवशी आपल्याला परत मिळेल.

पोलिसांकडची माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर, नागरिकांसाठीच्या सेवांमधून भरता येते. फॉर्म मीच भरीन, आपण शेजारी बसून नावे व पत्ते तपासावेत. ‘चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र’ हा यापेक्षा वेगळा प्रकार आहे. ते नोकरीसारख्या कामासाठी स्वतः अर्ज करून घ्यायचे असते आणि मी ते मागत नाही. पुष्कळ लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि विनाकारण खेपा घालतात. भरलेल्या फॉर्मची एक प्रत आपल्याला देईन. पुढे बीटचे अंमलदार चौकशीला आले, तर ते बहुधा आधी खाली माझ्याकडेच येतील.

करारनामा अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा असेल. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असा समज सर्वत्र आहे, परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करारही लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारीही घरमालकावरच आहे. नोंदणी करणारे गृहस्थ अंगठ्याचे यंत्र घेऊन घरीच येतात. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च ठरल्याप्रमाणे निम्मा-निम्मा. पोलीस नोंदीसाठी काही खर्च आला, तर तो माझा.

शनिवार, दि. 24 मे रोजी सायंकाळी पाचनंतर आपण कागदपत्रांसह घरी यावे, ही विनंती. मूळ कागदही बरोबर असू द्यावेत. प्रती ताडून पाहून ते लगेच परत देईन. त्या दिवशी पाळी असेल, तर रविवारी सकाळी आलात तरी चालेल, मात्र त्यापुढे नको. पाऊस सुरू झाला, की आमच्या भागातली वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाची होतात आणि सामानाचा टेम्पो दारात उभा असताना फॉर्म अडकून पडलेला मला नको आहे. एखादा कागद परभणीला राहिला असल्यास आजच कळवावे. त्याऐवजी मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना चालेल का, हे मी ठाण्यात विचारून ठेवीन.

रेखाताईंना आमचा नमस्कार सांगावा.

आपला,
विद्याधर सुर्वे