तीनशे चाळीसचे शंभर

नेहा,

तुझा भाषणाचा प्रस्ताव चर्चगेटला गाडीत बसल्यावर उघडला. अंधेरी आली तरी तू मुद्द्यावर आली नव्हतीस. फॉर्मवर मर्यादा शंभर शब्दांची आहे आणि तुझे झालेत तीनशे चाळीस. कापून खाली दिलंय.

दऱ्या की दर्या? मराठी शोधातला अर्धा र

दादरच्या एका ग्रंथालयाच्या यादीत ‘दऱ्या’ शोधलं की काही पुस्तकं सापडतच नाहीत. पडद्यावर एकसारखा दिसणारा हा शब्द दोन तऱ्हांनी साठवलेला असतो: ऱ (U+0931) आणि हलन्त, किंवा साधा र (U+0930), हलन्त आणि न दिसणारा जोडक (U+200D). NFC नॉर्मलायझेशनने हे दोन एक होत नाहीत. जोडक नुसता पुसला तर ‘दऱ्या’चा चक्क ‘दर्या’ होतो. हा घोळ कुठे शिरतो आणि साठवताना, शोधताना तो कसा टाळायचा, हे वीस मिनिटांत प्रत्यक्ष दाखवणं हा या भाषणाचा हेतू. श्रोत्यांच्या हाती दोन गोष्टी पडतील: पायथनचा एका ओळीचा नियम आणि स्वतःच्या डेटावर चालवता येईल अशी पंधरा शब्दांची चाचणी. युनिकोडची पूर्वओळख नसली तरी चालेल.

इस्की या भारतीय लिपींच्या 1991 सालच्या मानक संकेतावरचा परिच्छेद सबंध गेला. लिहिलास छान, पण निवड करणाऱ्याला त्यातून तू काय दाखवणार आहेस ते कळत नाही. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ हेही काढलं. तो विनोद व्याकरणाच्या तासापासून सगळ्यांनी ऐकलाय, आणि मुंबईत दर्या समोरच आहे.

हेतूचं वाक्य तू अगदी शेवटी टाकलं होतंस, तेही ‘जागरूकता निर्माण करणे’ असं. जागरूकता घेऊन घरी जाऊन कोण काय करणार? नियम तुझ्याकडे तयार होता, तळटीपेत दडलेला. तोच वर आणला:

```python
s = s.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
```

‘NFC ने सुटतं’ असं तू एका ठिकाणी लिहिलं होतंस, ते चूक आहे. र आणि खालचा नुक्ता असे सुटे आले तर NFC त्यांचा ऱ करतं, जोडकवाल्या रूपाला मात्र हातही लावत नाही. कोणीतरी नक्की विचारेल, तेव्हा दोन्ही रूपं चालवून दाखवायची तयारी ठेव.

‘चक्क’वर माझं मन अजून डळमळतंय. नको वाटला तर काढ, एक शब्द वाचेल. पंधरा शब्दांत ‘तऱ्हा’ आणि ‘वाऱ्यावर’ आहेत ना, तेवढं बघ आणि आज रात्री बारापूर्वी पाठव.

मेधाताई