तरंग वाचा, मग सूत्र लावा : इयत्ता नववी, ध्वनी, सराव पत्रिका

वेळ : ४५ मिनिटे. गुण : २५. उत्तरे शेवटी दिली आहेत. आधी वहीत सोडवा, मगच खाली जा.

गेल्या चाचणीत वर्गातल्या बऱ्याच जणांचे सूत्र बरोबर होते, गुणाकारही बरोबर होता आणि उत्तर मात्र चुकले होते. चूक झाली होती आकृती वाचताना. म्हणून या वेळी एकच अट : प्रत्येक आकृतीखाली पहिली ओळ अशी लिहायची, "आडव्या अक्षावर ____ आहे." गाळलेल्या जागी "अंतर" किंवा "काळ" येईल. ही ओळ नसेल तर त्या प्रश्नाचा एक गुण कापला जाईल.

पाठ्यपुस्तकात वेगाचे v आणि वारंवारितेचे ग्रीक अक्षर जुळ्या भावांसारखे दिसतात. फळ्यावर तर ते मलाही वेगळे काढता येत नाहीत. म्हणून या पत्रिकेत वारंवारितेसाठी f लिहू.

v = f × λ  आणि  f = १ / T

आकृत्या टाइप केलेल्या असल्यामुळे तरंग टोकदार दिसतात. चांदण्या जोडणारी रेघ वळणदार आहे असे समजा.

प्रश्न १ (६ गुण)

अंगणात एक लांब दोरी ताणून धरली आहे. डावे टोक ईशानच्या हातात आहे आणि तो हात वर-खाली हलवतो. तरंग डावीकडून उजवीकडे जातो. एका क्षणी दोरीचा फोटो काढला, तो असा :

```
आकृती १     उभा अक्ष : विस्थापन (सेमी)

+४ |      *                       *
+२ |   *     *                 *     *
 ० |*-----------*-----------*-----------*-----------*
-२ |               *     *                 *     *
-४ |                  *                       *
    ०           २०          ४०          ६०          ८०
                    अंतर (सेमी)
```

(अ) तरंगाचा आयाम किती? (१)
(आ) तरंगलांबी किती? (१)
(इ) ईशानचा हात २ सेकंदांत ५ पूर्ण दोलने करतो. तरंगाची वारंवारिता आणि वेग काढा. (२)
(ई) २० सेमी अंतरावर दोरीला लाल धागा बांधला आहे. फोटो काढल्यानंतर ०.१ सेकंदाने तो धागा कुठे असेल? (२)

प्रश्न २ (७ गुण)

मोबाइलच्या स्पीकरवर एकाच स्वराचा आवाज सुरू ठेवला. समोर ठेवलेल्या मायक्रोफोनने तो टिपला आणि संगणकाच्या पडद्यावर ही आकृती आली :

```
आकृती २     उभा अक्ष : मायक्रोफोनचा विद्युत दाब (मिलिव्होल्ट)

+४ |      *                       *
+२ |   *     *                 *     *
 ० |*-----------*-----------*-----------*-----------*
-२ |               *     *                 *     *
-४ |                  *                       *
    ०           २           ४           ६           ८
                    काळ (मिलिसेकंद)
```

(अ) दोलनकाल किती? (१)
(आ) वारंवारिता किती? (१)
(इ) सानिकाने लिहिले : "एक पूर्ण तरंग ० पासून ४ पर्यंत आहे, म्हणून तरंगलांबी ४ सेमी." तिची चूक कोणती? दोन वाक्यांत लिहा. (२)
(ई) हवेतील ध्वनीचा वेग ३४० मी/से घेऊन या ध्वनीची तरंगलांबी काढा. (२)
(उ) आकृतीतला आयाम ४ आहे. म्हणजे हवेचे कण ४ सेमी पुढे-मागे हलतात का? (१)

प्रश्न ३ (५ गुण)

मायक्रोफोन जागचा हलवला नाही, संगणकाची मांडणीही तीच ठेवली. दुसरा स्वर वाजवला :

```
आकृती ३     उभा अक्ष : मायक्रोफोनचा विद्युत दाब (मिलिव्होल्ट)

+२ |   *           *           *           *
 ० |*-----*-----*-----*-----*-----*-----*-----*-----*
-२ |         *           *           *           *
    ०           २           ४           ६           ८
                    काळ (मिलिसेकंद)
```

(अ) या स्वराची वारंवारिता काढा. (१)
(आ) आकृती २ आणि आकृती ३ यांतला मोठा आवाज कोणता आणि उंच पट्टीतला स्वर कोणता? (२)
(इ) दोन्ही स्वर त्याच खोलीत वाजवले. मायक्रोफोनपर्यंत आधी कोणता पोहोचेल? दुसऱ्या स्वराची तरंगलांबी किती? (२)

प्रश्न ४ (४ गुण)

ध्वनी हा अनुतरंग आहे, त्यामुळे हवेत त्याला उंचवटे आणि खळगे नसतात. असतात ती संपीडने आणि विरलने. खालच्या आकृतीत रेघा दाट आहेत तिथे हवेचे कण दाटीने आहेत.

```
आकृती ४

||||| | |  |  | | ||||| | |  |  | | |||||
  P                 Q                 R
```

P पासून R पर्यंतचे अंतर १.७ मीटर आहे. ध्वनीचा वेग ३४० मी/से.

(अ) तरंगलांबी किती? (२)
(आ) वारंवारिता किती? (१)
(इ) P पासून सर्वांत जवळच्या विरलनाचा मध्य किती अंतरावर आहे? (१)

प्रश्न ५ (३ गुण)

आकृती ३ मधला स्वर तलावाच्या पाण्याखाली वाजवला. पाण्यात ध्वनीचा वेग १५०० मी/से धरा. वारंवारिता किती राहील आणि तरंगलांबी किती होईल? पाण्याखालच्या मायक्रोफोनने हाच स्वर टिपला, तर पडद्यावर ८ मिलिसेकंदांत किती पूर्ण तरंग दिसतील?

---

उत्तरे

प्रश्न १. आडव्या अक्षावर अंतर आहे.

(अ) ४ सेमी. ज्यांनी ८ लिहिले त्यांनी खळग्याच्या तळापासून उंचवट्याच्या माथ्यापर्यंत मोजले. आयाम मधल्या रेघेपासून मोजायचा. झोपाळा मधल्या जागेपासून एका बाजूला किती जातो तेवढेच बघतो, तसेच हे.

(आ) ४० सेमी. लागोपाठच्या दोन उंचवट्यांतले अंतर मोजा : पहिला १० वर, दुसरा ५० वर. मधल्या रेघेवरून मोजत असाल तर जरा जपून. तरंग ०, २०, ४० अशा तिन्ही ठिकाणी रेघ ओलांडतो. २० वर तो खाली उतरतोय, ४० वर परत चढतोय. २० लिहिणाऱ्यांनी अर्धाच तरंग मोजला. शंका आली की उंचवटे धरा, तिथे फसगत होत नाही.

(इ) f = ५ ÷ २ = २.५ हर्ट्झ. λ = ४० सेमी = ०.४ मीटर. v = २.५ × ०.४ = १ मी/से. सेमीचे मीटर न करता गुणाकार केला तर १०० येतात. ते १०० सेमी/से म्हणून लिहिले असतील तर उत्तर बरोबर, नुसते "१०० मी/से" लिहिले असेल तर शून्य. दोरीवरचा तरंग एका सेकंदात शंभर मीटर धावला, यावर अंगणातल्या मांजराचाही विश्वास बसणार नाही.

(ई) ०.१ सेकंदात तरंग १ × ०.१ = ०.१ मीटर, म्हणजे १० सेमी पुढे सरकतो. १० सेमीवरचा उंचवटा आता २० सेमीवर आला. म्हणून धागा मधल्या रेघेपासून ४ सेमी वर असेल. अंतर मात्र २० सेमीच. "धागा ३० सेमीवर गेला" असे उत्तर दरवर्षी येते. धागा दोरीला बांधलेला आहे, तो कुठे जाणार? पुढे जातो तो आकार, दोरी जागच्या जागी वर-खाली होते. ताळा दोलनकालावरून करा : T = १ ÷ २.५ = ०.४ सेकंद. ०.१ सेकंद म्हणजे पाव दोलन, आणि पाव दोलनात मधल्या रेघेवरचा कण टोकाला पोहोचतो.

प्रश्न २. आडव्या अक्षावर काळ आहे.

दोन्ही आकृत्या शेजारी धरून बघा. चांदणी न् चांदणी तीच आहे, बदलली ती फक्त अक्षांवरची नावे आणि आकडे. आकृती १ मध्ये एका क्षणी सगळी दोरी दिसते. आकृती २ मध्ये एकाच जागी बसून क्षणामागून क्षण काय घडले ते दिसते.

(अ) ४ मिलिसेकंद, म्हणजे ०.००४ सेकंद.

(आ) f = १ ÷ ०.००४ = २५० हर्ट्झ. १ ÷ ४ करून ०.२५ हर्ट्झ लिहिणाऱ्यांनी स्वतःलाच विचारावे : माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येते, मग हा आवाज ऐकला कुणी?

(इ) आडव्या अक्षावर काळ आहे, म्हणून ४ ही लांबी नसून दोलनकाल आहे. काळाच्या आकृतीवरून तरंगलांबी थेट वाचता येत नाही, त्यासाठी वेग माहीत असावा लागतो.

(ई) λ = v ÷ f = ३४० ÷ २५० = १.३६ मीटर. तुमच्या बाकाएवढी लांबी. सानिकाच्या ४ सेमीशी ताडून बघा.

जाता जाता : ३४० हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही. ०°से तापमानाला हवेतला वेग सुमारे ३३१ मी/से असतो आणि दर अंशाला साधारण ०.६ ने वाढतो. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ वर असताना हाच स्वर वाजवला तर वेग ३३१ + ०.६ × ४५ = ३५८ मी/से, आणि तरंगलांबी सुमारे १.४३ मीटर. पडद्यावरची आकृती मात्र जशीच्या तशी.

(उ) नाही. उभ्या अक्षावर मिलिव्होल्ट आहेत. तो मायक्रोफोनचा विद्युत दाब आहे, कणांचे विस्थापन नव्हे. उभा अक्षही वाचायचा असतो.

प्रश्न ३. आडव्या अक्षावर काळ आहे.

(अ) ८ मिलिसेकंदांत ४ तरंग, म्हणून T = २ मिलिसेकंद आणि f = ५०० हर्ट्झ. एकच तरंग मोजण्यापेक्षा सगळे मोजून भागाकार करणे केव्हाही चांगले, वाचनातली चूकही तेवढी विभागली जाते.

(आ) मोठा आवाज आकृती २ चा, कारण आयाम दुप्पट. उंच पट्टीतला स्वर आकृती ३ चा, कारण वारंवारिता दुप्पट. गाणाऱ्यांना लगेच कळेल : पहिला मध्य सप्तकातला सा धरला तर दुसरा तार सप्तकातला सा. (कान सगळ्या वारंवारितांना सारखा तिखट नसतो, त्यामुळे आयाम आणि मोठेपणा यांचे नाते खरे तर इतके सरळ नाही. परीक्षेत आयामच लिहा.)

(इ) दोन्ही एकाच वेळी पोहोचतील. वेग हवेवर ठरतो, आयामावर किंवा वारंवारितेवर नाही. तसे नसते तर वरातीच्या बँडमधला ढोल आणि सनई लांबून ऐकताना आगेमागे ऐकू आली असती. λ = ३४० ÷ ५०० = ०.६८ मीटर, आधीच्या बरोबर निम्मी.

प्रश्न ४. इथे अक्ष काढलेलाच नाही, पण P ते R अंतर मीटरमध्ये दिले आहे. म्हणून "अंतर".

(अ) P, Q, R ही तीन संपीडने, त्यांच्यामध्ये तरंग दोनच. λ = १.७ ÷ २ = ०.८५ मीटर. तीनने भागणाऱ्यांनी तीन खांबांमध्ये किती तारा लागतात ते मोजावे.

(आ) f = ३४० ÷ ०.८५ = ४०० हर्ट्झ.

(इ) अर्धी तरंगलांबी, ०.४२५ मीटर.

प्रश्न ५. वारंवारिता ५०० हर्ट्झच, कारण ती स्पीकर ठरवतो. λ = १५०० ÷ ५०० = ३ मीटर. पडद्यावर ४ तरंग, म्हणजे आकृती ३ इतकेच. तरंगलांबी चौपटीहून जास्त झाली तरी काळाच्या आकृतीला त्याचा पत्ताही लागत नाही. इथे "तरंगलांबी वाढली म्हणून तरंग कमी दिसतील" असे लिहिले असेल, तर प्रश्न २ (इ) पुन्हा सोडवा आणि सोमवारी वही दाखवा.