कापणीआधी घड पाहणारा बागायतदार: अहवालाच्या मुखपृष्ठासाठी प्रॉम्प्ट

रावेर तालुक्यातल्या केळी बागायतदारांच्या विक्री संस्थेचा वार्षिक अहवाल निघतो आहे. त्याच्या मुखपृष्ठासाठी एका शेतकऱ्याचं उभं व्यक्तिचित्र हवं आहे. प्रमाण ३:४, रंगीत, छायाचित्रासारखं. अहवाल हातात घेणारे सगळे केळीवालेच आहेत. घड उलटा लटकलेला दिसला तर पान उलटायच्या आधीच हसू फुटेल, म्हणून बागेचे तपशील चेहऱ्याइतकेच नेमके असावेत.

माणूस सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा. सावळा, काटक अंगाचा, पण खंगलेला नाही. कपाळाचा टोपीखालचा भाग जरा उजळ आणि त्याखालचा चेहरा उन्हाने रापलेला, असा फरक दिसावा. मिशी पांढरी, नीट कातरलेली. दाढीचे खुंट दोन दिवसांचे. डोक्यावर पांढरी टोपी, तिच्या काठाला घामाची पिवळसर रेघ. अंगात बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला फिकट निळा शर्ट. हा त्याचा बागेचा शर्ट आहे: धड, बटणं जागच्या जागी, कुठेही ठिगळ नाही, पण छातीवर आणि पोटावर केळीच्या चिकाचे तपकिरी-काळे डाग. चिकाचा डाग धुऊन जात नाही, त्यामुळे बागेत जायचा कपडा वेगळाच ठेवलेला असतो. डाग म्हणजे मळकटपणा नव्हे, हे शर्टाच्या बाकीच्या स्वच्छ कापडावरून कळावं. खिशात मोबाइल आणि एक बॉलपेन. मनगटावर साधं घड्याळ. खाली पायजमा. चेहरा कुणाही खऱ्या, ओळखीच्या व्यक्तीसारखा नसावा.

तो काय करतोय, हे चित्राचं केंद्र. कापणी करायची की अजून चार दिवस थांबायचं, हे तो ठरवतो आहे. घडावरची पारदर्शक स्कर्टिंग बॅग त्याने वर सरकवली आहे. डावा तळहात वरून दुसऱ्या फणीखाली आधाराला, आणि त्याच हाताचा अंगठा मधल्या केळावर टेकलेला, शिरांवरून फिरणारा. शिरा अजून थोड्या हाताला लागतात, पण केळाला गोलाई आली आहे; लांबच्या बाजारात पाठवायचा माल याच अवस्थेत कापतात. घड गर्द हिरवा, एकही केळ पिवळं नाही. नजर अंगठ्याजवळ, डोळे किंचित बारीक केलेले, ओठ मिटलेले. तो कॅमेऱ्याकडे बघत नाही. मालाचा अंदाज घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जो हिशेबीपणा असतो तो हवा. हसू नको, दुःखही नको.

हात सगळ्यात स्वच्छ फोकसमध्ये. प्रत्येक हाताला पाचच बोटं, सांधे नैसर्गिक. बोटं जाड, पेरं रुंद, नखं आखूड कापलेली. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या रेघांत चीक वाळून काळा झालेला, जणू शाईने रेघा ओढल्यात. डाव्या तर्जनीवर विळ्याचा जुना, पांढरा पडलेला वण. तळहाताच्या कडेला घट्टा. मनगटावरच्या शिरा दिसाव्यात, पण कातडीला झाडाच्या सालीसारखं खरखरीत करू नये. सुरकुत्या जेवढ्या वयाच्या तेवढ्याच. कॉन्ट्रास्ट वाढवून त्या कोरून काढल्यासारख्या नकोत. स्पर्धेत बक्षीस मिळवणाऱ्या फोटोंची ही खोड आहे, आणि तिने म्हातारा माणूस माणूस न राहता पोत होऊन बसतो.

उजव्या हातात विळा, मांडीलगत सैल धरलेला, पातं बाहेरच्या बाजूला वळवून. वाळकी पानं काढायला तो रोज बरोबर असतो. पातं वळणदार, वीतभर लांब, दात नसलेलं. पोटात चिकाने काळवंडलेलं आणि धारेवर दगडावर घासल्याची चकचकीत रेघ. मूठ लाकडी, बोटांच्या जागी गुळगुळीत झालेली. कोयता, कुऱ्हाड किंवा तलवारीसारखं काही नको.

घड छातीच्या उंचीला. दांडा खोडाच्या शेंड्यातून वाकून खाली आलेला, त्यावर नऊ-दहा फण्या. केळ्यांची टोकं वरच्या दिशेला वळलेली असावीत, खाली लोंबणारी नव्हे. इथेच बहुतेक चित्रं फसतात. वरच्या फण्या मोठ्या, खालच्या लहान होत गेलेल्या. केळफूल आधीच काढलेलं, त्यामुळे खाली नुसतं दांड्याचं टोक. केळीचं खोड लाकडी नसतं: एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ, हिरवट, मध्ये तपकिरी-काळे चट्टे, कडेला वाळलेले पापुद्रे. घडाच्या ओझ्याने झाड कलू नये म्हणून बांधलेली पट्टी मागे दिसली तर उत्तम.

बाग कांदेबागाची, मागच्या ऑक्टोबरात लावलेली. महिना पुन्हा ऑक्टोबर, सकाळचे आठ. झाडं ओळीत, साधारण पाच-पाच फुटांवर. जमीन काळी, ओळीलगत ठिबकची काळी नळी, तिच्यापाशी ओलावा, दोन ओळींमध्ये वाळक्या पानांचा थर. पाऊस नुकताच सरल्याने पानं धुतलेली, काहींच्या कडा वाऱ्याने फाटलेल्या. ओळीच्या टोकाला मोकळ्या जागेतून सातपुड्याची निळसर रेघ, धूसर. नारळ, भातखाचरं, झोपडी यांचा इथे संबंध नाही.

उजेड पानांतून गाळून आलेला, चित्राच्या उजव्या बाजूने. बागेत कातडीवर हिरवी झाक येते. ती थोडी राहू द्यावी, पण चेहरा आजारी वाटेल इतकी नको. कॅमेरा त्याच्या छातीच्या उंचीवर, डोळ्यांच्या किंचित खाली. वरून खाली बघणारा कोन अजिबात चालणार नाही. ८५ मिमी लेन्सचा परिणाम, मागची झाडं मऊ, पण केळीच आहे हे कळेल इतकी स्पष्ट. चौकट मांडीपासून टोपीच्या वरपर्यंत. वरचा पाव भाग पानांच्या मोकळ्या हिरव्या पार्श्वभूमीचा ठेवावा, तिथे शीर्षक आम्ही छापू. चित्रात कुठलंही अक्षर, पाटी, शिक्का नको.

नकोच्या रकान्यात हे स्वतंत्र टाकायचं, कारण मुख्य मजकुरात नाव घेतलं की तेच चित्रात उगवतं: भेगाळलेली जमीन, आभाळाकडे लावलेले डोळे, जोडलेले किंवा पसरलेले हात, कपाळावर हात, अश्रू, फाटकं बनियन, उघडी छाती, अनवाणी पाय, रोडावलेले बैल, रिकामी भांडी, वाळकं एकटं झाड, काळं-पांढरं, सेपिया, धुळीचा पडदा, मावळत्या सूर्याचं वलय. त्याच्याच जोडीला जाहिरातीतला शेतकरीही नको: दात दाखवणारं हसू, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, रंगीत भरजरी फेटा, खांद्यावर नांगर, उंचावलेली मूठ, ट्रॅक्टरला टेकलेली पोझ, मेकअप केल्यासारखी गुळगुळीत कातडी. शिवाय पिवळी केळी, खाली वळलेली केळी, सहावं बोट, वितळलेलं पातं.

याच माणसाचं दुसरं चित्र आतल्या पानासाठी, आडवं, ३:२: फक्त डावा हात, अंगठा आणि ती फणी. चेहरा नाही. चिकाच्या रेघा आणि तर्जनीवरचा वण पहिल्या चित्रात होते तिथेच आणि तसेच असावेत.