टेबल नंबर 4 चे आजोबा

नमस्कार. मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. व्यासपीठावरच्या सगळ्या सरांना, मॅडमना नमस्कार आहेच, पण मला खरं बोलायचंय ते पुढच्या चार रांगांमध्ये बसलेल्या, देहदान केलेल्यांच्या तुम्हा कुटुंबीयांशी.

डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे जिथे आम्ही दान मिळालेल्या देहावर शरीररचना शिकतो तिथे, आमच्या टेबलचा नंबर 4 होता. टेबलवर जे होते त्यांच्याबद्दल आम्हाला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, पुरुष आणि वय 74. नाव सांगत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पण नाव नसलेल्या माणसासोबत वर्षभर कसं राहायचं, म्हणून आमच्या ग्रुपमध्ये दुसऱ्याच आठवड्यात कोणीतरी "आजोबा" म्हणालं आणि मग तेच राहिलं.

पहिल्या दिवशी शपथ घेतली, पांढरं कापड बाजूला केलं, फॉर्मॅलिनने डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खरं सांगते, थोडं पाणी फॉर्मॅलिनचं नव्हतंही. माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. नखं नीट कापलेली होती. शेवटच्या दिवसांत ती कोणीतरी कापून दिली असणार, ते कोणीतरी कदाचित आज इथे बसलेलं असेल. त्यानंतर स्काल्पेल हातात घेताना माझ्या डोक्यात कायम ते असायचं, की हे कोणाचं तरी माणूस आहे.

आजोबांच्या छातीवर मधोमध उभा व्रण होता. आत स्टर्नमला, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाला, स्टीलच्या तारा होत्या, म्हणजे बायपास झालेली. हृदय पाहिलं तर महाधमनीतून निघून हृदयाच्या पृष्ठभागावर उतरलेली एक जास्तीची नळी दिसली. ती आमच्या पुस्तकातल्या चित्रात नव्हती. मॅडमनी सांगितलं, ही पायातली शीर आहे, तिच्यातल्या व्हॉल्व्हमुळे रक्त एकाच दिशेने जातं म्हणून सर्जन ती उलटी करून जोडतात. आम्ही लिहून घेतलं आणि पुढे गेलो. मग दोन महिन्यांनी पायाचं डिसेक्शन आलं. घोट्याच्या आतल्या बाजूने मांडीपर्यंत जाणारी ग्रेट सॅफेनस व्हेन शोधायची होती, बाकी सगळ्या टेबलांवर सापडली, आम्हाला काही केल्या सापडेना, आणि तेवढ्यात एकाला पोटरीच्या आत बारीक लांब व्रण दिसला. सगळे गप्प झालो. जी शीर आम्ही पायात शोधत होतो ती आम्ही आधीच बघितली होती, हृदयावर. बायपास म्हणजे काय हे मला आता कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, आणि ते मला पुस्तकाने नाही, आजोबांनी शिकवलंय.

एक गोष्ट वाचली ती सांगते. पूर्वी डिसेक्शनसाठी मृतदेह कुठून यायचे? इंग्लंडमध्ये 1832 च्या आधी कायद्याने मिळायचे ते फाशी दिलेल्या खुन्यांचे, आणि त्या वर्षी कायदा झाल्यावर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवायच्या घरांमध्ये, आणि हॉस्पिटलमध्ये मरण पावलेल्या, ज्यांचं कोणी न्यायला आलं नाही अशा गरिबांचे. त्या लोकांना कोणीच विचारलं नव्हतं. त्यांच्या देहावर शिकूनच हे शास्त्र मोठं झालंय आणि त्यांचेही आभार आज मानायला हवेत असं मला मनापासून वाटतं. पण तुमच्या माणसांचं वेगळं आहे. त्यांनी जिवंतपणी, शुद्धीत असताना फॉर्मवर सही केली. आम्हाला ते ओळखतही नव्हते, आम्ही चुकणार, नर्व्ह समजून भलतंच काही कापणार हे त्यांना दिसत नसेल का, तरी ते हो म्हणाले.

आणि त्यांनी हो म्हटलं तरी ते पाळलं तुम्ही. देह काही तासांत पोचवावा लागतो, म्हणजे ज्या वेळी माणसाला नुसतं शेजारी बसून रडायचं असतं त्या वेळी तुम्ही फोन केले, कागद शोधले, नातेवाईकांना समजावलं, कोणी नको म्हणालं असेल त्यांचं ऐकून घेतलं. निरोप अर्धवट राहिला असेल. त्याची भरपाई आमच्याकडे नाही हे मला कळतं.

तुमच्यापैकी टेबल नंबर 4 चं घर कोणतं ते मी विचारणार नाही. फक्त त्या घराला एवढं कळावं असं वाटतं, की रोज तास संपला की आम्ही त्यांना ओल्या कापडाने नीट झाकायचो, हातही आत घ्यायचो. शेवटच्या दिवशी तास संपून बराच वेळ झाला तरी आठही जण तिथेच उभे होतो, कापड कोणी ओढायचं ते ठरेना. मग सगळ्यांनी मिळून ओढलं.

आजोबा, थँक्यू. आणि तुम्हा सगळ्यांना, तुमची माणसं आमच्या हाती दिलीत म्हणून, आमच्या पूर्ण बॅचकडून नमस्कार.