ईराला आजीचं पत्र: निळ्या चंद्राबद्दल

वाई, 2 जून 2026

चि. ईरा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने तुझ्या निबंधाचा फोटो पाठवला. अक्षर छान वळणदार झालंय गं! "आजी आणि मी वन्स इन अ ब्लू मून भेटतो" हे वाक्य मी तीनदा वाचलं. बाईंनी त्यापुढे बरोबरची खूण केली आहे, आणि ती योग्यच आहे. फोनवर तू विचारलंस, "आजी, चंद्र खरंच निळा होतो का, आणि मराठीत याला काय म्हणतात?" तेव्हा कुकरची शिट्टी झाली आणि बोलणं राहून गेलं. आता सावकाश लिहिते. आईला शेजारी बसवून वाच, अडलेलं ती सांगेल.

चंद्र खरंच निळा दिसू शकतो, पण फार क्वचित. 1883 साली इंडोनेशियात क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. त्याची राख आकाशात इतकी उंच गेली की ठिकठिकाणच्या लोकांना चंद्र निळसर दिसला. तुमच्या इंग्लंड-स्कॉटलंडमध्येही असं झालंय. सप्टेंबर 1950 मध्ये कॅनडातल्या जंगलांना वणवे लागले, तो धूर समुद्र ओलांडून आला आणि तिथल्या लोकांनी निळा सूर्य आणि निळा चंद्र पाहिला. धुराचे कण ठरावीक आकाराचे असले की ते तांबडा प्रकाश इकडेतिकडे फेकून देतात आणि आपल्या डोळ्यांपर्यंत निळाच जास्त पोचतो.

पण परवा रविवारी, 31 मेला, सगळे ज्याला ब्लू मून म्हणत होते तो निळा नव्हताच. मी गच्चीत खुर्ची टाकून बसले होते. ढग येत-जात होते. मधूनच चंद्र बाहेर यायचा, नेहमीसारखाच पिवळट पांढरा, आणि त्याच्या जवळच लालसर ज्येष्ठा तारा. तरी त्याला ब्लू मून म्हणायचं, कारण त्या महिन्यातली ती दुसरी पौर्णिमा होती. पहिली 1 मेला झाली, बुद्धपौर्णिमेला. त्याच दिवशी महाराष्ट्र दिनही होता. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला हे नाव देतात.

ही व्याख्या मुळात चुकून रुजली, हे मला फार आवडतं. अमेरिकेत शेतकऱ्यांचं एक पंचांग निघायचं. त्यात एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या तर तिसरीला ब्लू मून म्हणायचे. 1946 मध्ये खगोलशास्त्राच्या एका मासिकात एका लेखकाने त्याचा अर्थ चुकीचा लावला आणि "महिन्यातली दुसरी पौर्णिमा" असं लिहिलं. 1999 मध्ये त्याच मासिकाने चूक कबूल केली, पण तोवर ते लोकांच्या तोंडी बसलं होतं. आता दोन्ही अर्थ चालतात.

आता मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. म्हणजे बारा चांद्रमहिन्यांचे 354 दिवस होतात, आणि वर्षाचे 365. दरवर्षी अकरा दिवस उरतात. ते साठत जातात. इंग्रजी कॅलेंडरात ते कुठल्यातरी महिन्यात जास्तीची पौर्णिमा होऊन बाहेर येतात. आपल्या पंचांगात साठले की एक आख्खा महिनाच वाढवतात, तो अधिक महिना. 19 वर्षांत आपले सात अधिक महिने येतात, आणि तेवढ्याच वर्षांत तुमच्या महिन्यांत पौर्णिमाही सात जास्तीच्या पडतात. उरलेले दिवस तेच गं, ते दिवस मांडायच्या दोन तऱ्हा. आणि यंदा बघ, अधिक ज्येष्ठ 17 मेला लागला, 15 जूनपर्यंत आहे, आणि तुमचा ब्लू मून म्हणजे बरोबर आमची अधिक ज्येष्ठाची पौर्णिमा! मला गच्चीत बसून इतका आनंद झाला की तेव्हाच तुला फोन लावणार होते.

आता मराठीत काय म्हणायचं? आपल्याकडे "कपिलाषष्ठीचा योग" म्हणतात. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतीपात, सूर्य हस्तात, हे सगळं एकदम जुळलं की तो योग. पण तो शब्द मोठ्या, भाग्याच्या गोष्टीला शोभतो. तुझे दोन्ही मामा, मावशी आणि तुम्ही एकाच वेळी वाईच्या घरात जेवायला बसलात, तर मी म्हणेन, कपिलाषष्ठीचा योग आला. "उंबराचं फूल" हे माणसासाठी. जो दिसतच नाही, त्याला म्हणायचं, "काय, उंबराचं फूल झालास!" तुझ्या वाक्यात मात्र "सटीसहामासी" बसतो. "आम्ही सटीसहामासी हॉटेलात जातो", म्हणजे जातो, पण कधीतरीच. इंग्रजीतलाही अर्थ नेमका तोच आहे. कधीच घडत नाही असं नाही, आणि आयुष्यात एकदाच असंही नाही. पुन्हा घडतं, पण वाट बघायला लावतं. "दुष्काळात तेरावा महिना" ही म्हण याच अधिक महिन्यावरची आहे, पण तिचा अर्थ वेगळा, संकटात आणखी भर. ती इथे लावू नकोस.

तुझ्या वाक्याबद्दल मी एक हिशोब केला. महिन्यातली दुसरी पौर्णिमा म्हणून याआधीचा ब्लू मून 2023 च्या ऑगस्टअखेर होता, राखीपौर्णिमेला. तेव्हापासून या मेपर्यंत तेहेतीस महिने झाले. तेवढ्यात आपण दोनदा भेटलो, एकदा तुम्ही दिवाळीला आलात आणि एकदा मी मँचेस्टरला आले. त्या वेळी तू मला बसमध्ये खिडकीची जागा दिली होतीस आणि प्रत्येक थांब्याचं नाव वाचून दाखवलं होतंस. म्हणजे चंद्रापेक्षा आपण जास्त वेळा भेटतो बरं का! तरी निबंधात खोडू नकोस. तुला ते तसं वाटलं, म्हणून तू तसं लिहिलंस. मलाही तसंच वाटतं.

तेहेतीसवरून आठवलं. अधिकात जावयाला तेहेतीस अनारसे द्यायची आपली रीत. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, पंचावर पसरून सावलीत सुकवले, मिक्सरला फिरवून चाळले आणि गूळ घालून गोळे बांधून ठेवले. तुझे बाबा इथे नाहीत, म्हणून आता फक्त पाच तळले आणि देवापुढे ठेवले. खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचे आणि उलटायचे नाहीत. झाऱ्याने वरून तूप उडवत राहिलं की जाळी पडते. पहिला तुपात विरघळलाच. दुसऱ्याला इतकी सुरेख जाळी पडली की तुला दाखवावीशी वाटली.

उरलेलं पीठ डब्यात दाबून भरलंय. ते टिकतं. तुमची जुलैअखेरची तिकिटं झाली असं आई म्हणाली. अठ्ठावीस अनारसे राहिलेत, खसखस लावायचं काम तुझं.

तुझी,
आजी