मोटार ग्रुप

फोन गेला तो दुबईत, कंपनीच्या बसमध्ये. जेबल अलीच्या वेअरहाऊसमधून रात्रीची शिफ्ट संपवून सकाळी सात वाजता बसलो, सोनापूरच्या कॅम्पपर्यंत तास-सव्वा तास झोप लागते तशी लागली आणि उतरून रूमवर येऊन खिशात हात घातला तर खिसा रिकामा. बस तोवर दुसरी माणसं घ्यायला निघून गेली होती. संध्याकाळी ड्रायव्हरला विचारलं, त्याने सगळ्या सीटखाली बघितलं, नाही सापडला.

माझा केरळचा रूममेट म्हणाला, घरी फोन लाव, आणि त्याने स्वतःचा फोन हातात दिला. तेव्हा कळलं की मला बायकोचा नंबर पाठ नाही, भावाचा नाही, बहिणीचा नाही. एकच पाठ होता, नानांचा, म्हणजे वडिलांचा, कारण तो आमच्या ट्रॉलीच्या मागे पांढऱ्या रंगाने लिहिलेला आहे आणि लहानपणापासून त्याच ट्रॉलीवर बसून आम्ही चोपड्याला जायचो. इकडे व्हॉट्सअॅपवरून कॉल लागत नाही, म्हणून साधा आयएसडी लावला. नाना म्हणाले, "काय व्हयनं रे भो? हाऊ कोना नंबर शे?" सांगितलं. त्यांनी आधी एवढंच विचारलं, "तू बरा शे ना?"

आता खरी अडचण सांगतो. माझं व्हॉट्सअॅप गावाकडच्या नंबरवर आहे आणि ते सिमही त्याच फोनमध्ये गेलं. कोड येणार त्या सिमवर, म्हणजे डुप्लिकेट सिम पाहिजे, आणि सिम नानांच्या नावावर, कॉलेजला असताना त्यांच्याच आधारवर काढलेलं. एका अर्थी बरंच झालं, माझ्या नावावर असतं तर इथून काहीच करता आलं नसतं. भावाने त्याच दिवशी जुनं सिम बंद करायला लावलं, बँकेत फोन करून यूपीआय बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी नानांना गाडीवर बसवून चोपड्याला नेलं.

मशीनवर नानांचा अंगठाच उमटेना. चाळीस वर्षं केळीचे खांब आणि पाईप उचलून बोटांच्या रेषाच पुसल्या आहेत. दुकानदार म्हणाला परत या. दुसऱ्या दिवशी गेले, सर्व्हर बंद. तिसऱ्या दिवशी निघताना माझ्या बायकोने हात धुऊन तेल चोळून दिलं आणि दहाही बोटं लावून बघितली तेव्हा डाव्या हाताच्या मधल्या बोटाने काम केलं. मग सिम चालू झालं तरी चोवीस तास त्यावर एसएमएस येत नाही, तो नियमच आहे. भाऊ वैतागला, नाना नाही. ते म्हणाले, "लाईटनी वाट पाहतस ना, तशीच पाहू."

हे त्यांनी उगाच नाही म्हटलं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. रात्रपाळीच्या आठवड्यात नाना बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जातात, केळीत बिबट्या फिरतो म्हणून काठी, आणि लाईट आली की मोटार लावून ठिबकचे व्हॉल्व्ह हाताने फिरवत बसतात. गावात रात्रीचे बारा म्हणजे माझ्याकडे साडेदहा, मी तेव्हा खोके उतरवत असतो. म्हणून भावाने तिघांचा ग्रुप केला, नाव ठेवलं "मोटार". नानांना टाईप करता येत नाही, ते व्हॉईस टाकतात, चार-पाच सेकंदाचा. "लाईट उनी. मोटार लाई दिनी. तू जेवना का?" मी जेवणाच्या सुट्टीत ऐकून उत्तर देतो. गावात सगळे झोपलेले असतात तेव्हा आम्ही दोघंच जागे असतो. "मोठं घर" ग्रुपमध्ये त्रेचाळीस जण आहेत, तो गेला असता तरी मला एवढं वाटलं नसतं.

चौथ्या दिवशी मी जुना फोन विकत घेऊन बसलो. बायकोने नानांचं सिम तिच्या फोनमध्ये टाकलं आणि कोड आला तसा एकेक आकडा वाचून दाखवला, आधी गूगलचा, मग व्हॉट्सअॅपचा. त्यानंतर सहा आकडी पिन मागितला, तो आमच्या शेताचा गट नंबर दोनदा, तो विसरणं शक्यच नाही. मग बॅकअप सापडला म्हणून दाखवलं, दोन जीबीच्या जवळपास. कॅम्पचं वायफाय म्हणजे दोनशे माणसं एका राऊटरवर. रूममेट म्हणाला पुढे जा, नंतर कर. मी नाही केलं, कारण ती पायरी एकदा सोडली की नुसतं बटण दाबून परत मिळत नाही, सगळं काढून पहिल्यापासून कोड मागवावा लागतो आणि नाना परत कुठे ताटकळणार. चार्जर लावून फोन तसाच ठेवला, शिफ्टला गेलो, सकाळी आलो तरी टक्के चालूच होते. दुपारी जाग आली तेव्हा झालं होतं.

ग्रुप सगळे होते. मधल्या दिवसांतले मेसेज एकेक करून यायला लागले, काहींच्या जागी थोडा वेळ लागेल असं लिहून येत होतं आणि पाठवणाऱ्याचा फोन चालू झाला की ते उघडत होते. पण बॅकअप डिसेंबरपर्यंतचाच होता. मी सेटिंग फक्त वायफायवर ठेवलेली आणि वायफाय असं. म्हणजे जानेवारी ते मार्च, थंडीतल्या सगळ्या रात्री, गेल्या.

"मोठं घर" वहिनीने चॅट एक्स्पोर्ट करून पाठवलं, बहिणीने भावंडांच्या ग्रुपचं पाठवलं. ती फाईल व्हॉट्सअॅपमध्ये परत घालता येत नाही पण वाचता येते, मला तेवढं पुरे. "मोटार"चं मात्र भावाकडे काहीच नव्हतं, त्याने स्टोरेज भरलं म्हणून सगळं साफ केलेलं. मग पुतणी, जी नानांना आबा म्हणते, ती म्हणाली, काका, आबांच्या फोनमधून कोणी काही डिलीट करत नाही, थांबा. तिने फाईल मॅनेजरमध्ये व्हॉईस नोटचं फोल्डर उघडलं तर आठवड्याआठवड्याने सगळं पडलेलं. तिने डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, नावासकट:

```
PTT-20250120-WA0002.opus
PTT-20250121-WA0005.opus
PTT-20250122-WA0001.opus
PTT-20250124-WA0003.opus
```

नावातच तारीख असते. मी रोज सुट्टीत एकेक लावून ऐकायचो आणि एका वहीत तारीख आणि शब्द लिहायचो. काहींमध्ये माझा आवाज होता, तेही ठेवले. एकात नाना बोललेच नाहीत, नुसतं पाईपमधून पाणी सुटल्याचा आवाज आणि लांब कुठेतरी कुत्रं. पंधरा-सोळा रात्रींत लागलं सगळं.

वहीत एकच जागा रिकामी राहिली, २३ जानेवारी. रात्रपाळीचाच आठवडा, आधीच्या आणि नंतरच्या रात्री आहेत, हीच नाही. पुतणीने दोनदा शोधलं. शेवटी मी नानांनाच विचारलं, तुम्ही त्या रात्री गेला नव्हता का विहिरीवर.

तासाभराने व्हॉईस आला, सात सेकंदाचा.

"गयथू ना. सकायलोंग बठेल व्हतू. लाईट उनीच नई, मंग काय धाडू तुले?"

मी वही काढली आणि २३ समोर लिहिलं, लाईट आली नाही.