गुमास्ताधारा नोंदणीच्या नूतनीकरणासाठी अर्ज : उशीर क्षमापित करण्याबाबत

दिनांक : 18 मार्च 2013

प्रति,
मा. निरीक्षकसाहेब,
दुकाने व संस्था शाखा,
वडोदरा महानगर सेवा सदन,
खंडेराव मार्केट, वडोदरा.

अर्जदार : सुहास दत्तात्रय पागनीस, मालक, श्रुती वाद्यालय, लकडी पुलाजवळ, दांडिया बाजार, वडोदरा 390001

विषय : नोंदणी क्रमांक 2/1147, मुदत 31 डिसेंबर 2012 रोजी संपलेली. नूतनीकरण उशिरा करून मिळण्याबाबत.

महोदय,

दुकाने व संस्था कायदा, 1948 खाली माझ्या दुकानाची नोंदणी आहे. तिची मुदत गेल्या 31 डिसेंबरला संपली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी द्यायला हवा होता, तो मी आज, अडीच महिन्यांहून जास्त उशिराने देत आहे. ठराविक फॉर्म भरून सोबत जोडला आहे, पण उशिराचे कारण फॉर्मच्या रकान्यात मावणारे नाही, म्हणून हे वेगळे पत्र. मला मनातले नीट मराठीतच लिहिता येते. कार्यालयाच्या सोयीसाठी याचा गुजराती तर्जुमा करून घेतला आहे, तोही सोबत आहे.

दुकान वाद्यविक्रीचे आणि दुरुस्तीचे आहे. तबला, पखवाज, ढोलक, हार्मोनियम. माझ्या वडिलांनी 1974 साली ही नोंदणी केली. 1996 मध्ये ते थकल्यावर मालक म्हणून माझे नाव लागले, त्या बदलाची नोंद आपल्या दफ्तरी आहे. तेव्हापासून आजवर एकदाही नूतनीकरण चुकलेले नाही. मागच्या तीन वेळच्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.

जागा भाड्याची आहे. भाडे दरमहा 850 रुपये. घरमालक दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतः दुकानात येऊन बसत, चहा घेत, पाकिटातून पावतीपुस्तक काढून शाईच्या पेनाने पावती लिहून देत. 27 ऑगस्ट 2012 रोजी ते वारले. त्यांना तीन मुलगे. एक सुरतेला, एक पुण्याला, एक इथेच. वाटणी व्हायची होती, आणि त्या काळात कोणीही एकट्याने पावतीवर सही करायला तयार नव्हता. ज्याने सही केली त्याने मालकी आपल्याकडे घेतली असे दुसरे दोघे म्हणतील, अशी प्रत्येकाला धास्ती. मी सप्टेंबरचे भाडे घेऊन इथल्या मुलाच्या घरी गेलो, त्यांनी हात जोडून परत पाठवले. ऑक्टोबरमध्ये तिघांच्याही नावाने मनीऑर्डर केल्या. तिन्ही परत आल्या. पोस्टाचे शेरे असलेले ते फॉर्म मी जपून ठेवले आहेत आणि मूळच जोडत आहे. तपासून झाल्यावर परत मिळावेत, मला ते लागतील.

नूतनीकरणाला जागेची चालू भाडेपावती दाखवावी लागते, अशी माझी समजूत होती. माझ्याकडे शेवटची पावती ऑगस्टची. ती लावून अर्ज केला आणि तो नामंजूर झाला, तर त्या नामंजुरीचा कागद जागेच्या वादात माझ्याविरुद्ध वापरला जाईल, 39 वर्षांची जागा हातची जाईल, या भीतीने मी डिसेंबरमध्ये आलो नाही. जानेवारीत उत्तरायण झाल्यावर मिटेल, मग फेब्रुवारीत मिटेल, असे म्हणत राहिलो. खरे तर त्याच वेळी कार्यालयात येऊन अडचण लेखी कळवायला हवी होती. ती कळवली नाही, ही चूक माझी आहे. घरमालकांच्या मुलांवर ती मी ढकलत नाही. त्यांच्या घरात दुःख होते आणि वाटणीही.

10 मार्च रोजी तिघे भाऊ एकत्र बसले. थोरल्याने भाडे घ्यावे असे तिघांच्या सह्यांनी ठरले, आणि सप्टेंबर ते मार्च अशा सात महिन्यांचे 5950 रुपये त्यांनी माझ्याकडून एकरकमी घेतले. त्या पावतीवर तिघांच्याही सह्या आहेत. पावती हातात आल्यावर फॉर्म, फोटो आणि झेरॉक्स जमवण्यात गेला आठवडा गेला.

या मधल्या काळात दुकान चालू होते, हे मी लपवत नाही. बंद ठेवावे असे मनात आले होते. पण 31 डिसेंबरला दुकानात लोकांचे अकरा तबले, दोन पखवाज आणि तीन हार्मोनियम दुरुस्तीला पडलेले होते. तबल्याच्या पुडीवर शाईचा एकेक थर देऊन दगडाने घोटावा लागतो. थर सुकतो, मग पुढचा. काम मध्येच टाकून कुलूप लावले तर पुडी फुकट जाते, आणि ती पुडी दुसऱ्याची असते. त्यातले चार तबले शिकणाऱ्या मुलांचे होते, त्यांच्या परीक्षा तोंडावर होत्या. शिवाय दुकान बंद म्हणजे माझ्याकडच्या दोघांचा पगार बंद.

त्या दोघांबद्दल मला आवर्जून लिहायचे आहे, कारण ही नोंदणी मुळात कामगारांसाठी आहे असे माझे वडील सांगत. प्रमाणपत्र त्यांनी गल्ल्यामागे न लावता आत, कारागीर जिथे बसतात तिथे लावले होते. आज अर्जासोबत जोडेपर्यंत ते तिथेच होते. प्रमाणपत्राची मुदत संपली तरी हजेरीपत्रक, पगारपत्रक आणि रजेची वही एक दिवसही खंड न पडता भरली आहे. साप्ताहिक सुट्टी पूर्वीप्रमाणे मंगळवारची, ती दर आठवड्याला दिली आहे. जानेवारी, फेब्रुवारीचे पगार वेळेवर झाले, सह्या पगारपत्रकावर आहेत. तिन्ही वह्या घेऊन आलो आहे, आजच पाहाव्यात. केव्हाही दुकानी येऊन पाहिल्यात तरी चालेल.

एक बदलही कळवायचा आहे. प्रमाणपत्रावर कामगारसंख्या तीन आहे. आमचे सर्वांत जुने कारागीर दृष्टी कमी झाल्याने गेल्या दिवाळीला काम सोडून गावी गेले. त्यांचा हिशेब पूर्ण चुकता केला आहे, पावती जोडली आहे. आता दोन कामगार आहेत. बदलाची वेगळी सूचना फॉर्मसोबत आहे. तीही तेव्हाच द्यायला हवी होती.

माझी विनंती अशी : वरील कारण लक्षात घेऊन उशीर क्षमापित करावा, नियमाप्रमाणे जे विलंबशुल्क होईल ते आकारावे आणि नूतनीकरण मंजूर करावे. विलंबशुल्कात सवलत मी मागत नाही, आज काउंटरवर रोख भरायला तयार आहे. मात्र एक मागणे मनापासून आहे. उशिरामुळे नवीन नोंदणी घ्या असे न सांगता 2/1147 हाच क्रमांक चालू ठेवावा. बँकेचे चालू खाते, दुकानाचा विमा, छापील बिले, सगळीकडे हाच क्रमांक आहे. आणि जागेच्या बाबतीत पुढे कधी प्रश्न निघाला, तर 1974 पासून हे दुकान याच जागी सलग चालू आहे हे सांगणारा सरकारी कागद माझ्याकडे हा एवढाच आहे. क्रमांक बदलला तर ती सलगता तुटेल.

तरीही आपल्या नियमात नवीन नोंदणीच बसत असेल, तर निदान तिच्यावर जुना क्रमांक आणि 1974 हे वर्ष शेऱ्यात नमूद करावे आणि तसे मला लेखी कळवावे. सुनावणीला बोलावल्यास सांगाल त्या वेळी हजर राहीन. मंगळवारी दुकान बंद असते, पण बोलावणे घरच्या पत्त्यावर आले तरी मिळेल. तो पत्ता फॉर्मवर लिहिला आहे.

वर लिहिलेले सर्व माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे.

आपला विश्वासू,
सुहास दत्तात्रय पागनीस
श्रुती वाद्यालय, दांडिया बाजार

सोबत : नूतनीकरणाचा फॉर्म, मूळ प्रमाणपत्र, मागील तीन नूतनीकरणांच्या पावत्यांच्या झेरॉक्स, ऑगस्ट 2012 ची आणि 10 मार्च 2013 ची भाडेपावती, परत आलेल्या तीन मनीऑर्डरींचे मूळ फॉर्म, लाइटबिल, कामगारसंख्येतील बदलाची सूचना, कारागिरांच्या हिशेबाची पावती, या अर्जाचा गुजराती तर्जुमा.